कमरेतलं इंजेक्शन आणि दिरांचा पाय

«डॉक्टर, नमस्कार. माझा मुलगा येत्या आठवड्यात दीड महिन्याचा होईल. आशाताई म्हणाल्या, या वेळी तोंडातून थेंब आहेत आणि शिवाय तीन सुया आहेत. सासूबाईंची थेंबांना हरकत नाही, पण सुई टोचू द्यायला त्या तयार नाहीत. माझे मोठे दीर एक वर्षाचे असताना त्यांना ताप आला होता. गावातल्या डॉक्टरांनी कमरेत इंजेक्शन दिलं आणि दोन दिवसांनी उजवा पाय लुळा पडला, तो आजपर्यंत. सासूबाई म्हणतात, "सुईनंच माझ्या पोराचा पाय नेला." हे म्हणतात, पोलिओ होता. पण नस मेली असती तर पायाला चटका, चिमटा कळला नसता ना? दादांना सगळं कळतं. मांडी मात्र अगदी बारीक आहे, चालताना गुडघ्याच्या वर हात दाबून चालतात. आणि देशात पोलिओच उरला नाही म्हणतात, मग एवढ्या सुया कशाला?
– एक आई, अकोला जिल्हा»

सासूबाईंना आधी एवढं सांगा, की त्यांनी जे पाहिलं ते खोटं नाही. ताप, मग कमरेत सुई, मग लुळा पाय, हा क्रम त्या काळात कितीतरी घरांत असाच घडला. त्यात सुईचा थोडा हात होता, हेही खरं असू शकतं. पण पाय नेला तो पोलिओनं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा, हे कळलं की बाळाच्या सुयांचं काय करायचं तेही कळेल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पत्रावरून निदान करू नये, असा आमच्यातला नियम आहे. पण तुम्ही दादांच्या पायाबद्दल तीन गोष्टी इतक्या नेमक्या लिहिल्या आहेत, की तो नियम थोडा बाजूला ठेवतो.

कमरेतल्या इंजेक्शननं पाय जाऊ शकतो का? जाऊ शकतो. कुल्ल्याच्या खालच्या, आतल्या बाजूनं पायाची सगळ्यात जाड नस जाते. लहान बाळाच्या कुल्ल्यावर मांस कमी असतं. सुई चुकीच्या जागी गेली तर औषध थेट त्या नसेत किंवा तिला लागून पडतं. अशा वेळी मूल तिथल्या तिथे कळवळून रडतं, आणि दोन दिवस वाट पाहावी लागत नाही. पाऊल त्याच दिवशी लोंबकळायला लागतं. गुडघ्याखालची, पावलावरची जाणीव कमी होते, कारण त्या नसेतून हालचालीचे आणि स्पर्शाचे धागे एकत्रच जातात. आणि मुख्य म्हणजे मांडीचा पुढचा स्नायू शाबूत राहतो, कारण त्याला येणारी नस कुल्ल्यातून येतच नाही, ती जांघेतून, समोरून येते. कुल्ल्यात दिलेली सुई तिला लागूच शकत नाही.

आता दादांचा पाय पाहा. लुळेपणा दोन दिवसांनी आला. चटका, चिमटा सगळं कळतं. मांडी बारीक आहे, आणि चालताना ते गुडघ्याच्या वर हात दाबतात. मांडीचा पुढचा स्नायू गेला की पाऊल टाकल्यावर गुडघा दुमडून माणूस खाली बसेल. म्हणून तो हातानं मांडी मागे रेटून गुडघा ताठ ठेवतो आणि मगच अंगाचा भार त्या पायावर घेतो. ही चाल माझ्या पिढीच्या डॉक्टरांना रस्त्याच्या पलीकडूनही ओळखू येते. सुईनं नस दुखावली असती तर या तीनपैकी एकही गोष्ट जुळली नसती. तुमचे यजमान बरोबर आहेत.

चिमटा कळतो आणि पाय हलत नाही, हे तुम्हाला विसंगत वाटतं. त्याचं उत्तर पोलिओचा विषाणू नेमका कुठे बसतो त्यात आहे.

पाठीच्या कण्याच्या मणक्यांमधून मज्जारज्जू खाली उतरतो. तो आडवा कापून पाहिला तर मध्ये करड्या रंगाचा, फुलपाखराच्या पंखांसारखा भाग दिसतो. पोटाकडच्या दोन पंखांत हालचालीच्या चेतापेशी असतात. तिथल्या एकेका पेशीचा धागा मज्जारज्जूतून निघून थेट पायाच्या स्नायूपर्यंत जातो. पेशी कमरेच्या वर, पाठीत, आणि धाग्याचं दुसरं टोक पोटरीत किंवा मांडीत. स्नायू आकसायचा हुकूम तिथूनच येतो, दुसरा रस्ता नाही. स्पर्श, वेदना, उष्णता यांच्या पेशी मात्र या भागात नसतातच. त्या मज्जारज्जूच्या बाहेर, मणक्यांच्या शेजारी छोट्या गाठींमध्ये असतात आणि त्यांचे धागे मागच्या बाजूनं आत शिरतात. पोलिओचा विषाणू पोटाकडच्या पंखांतल्या पेशी मारतो आणि मागच्या बाजूला फारसा जात नाही. म्हणून दादांना चिमटा बरोबर कळतो, पण पाय मागे घ्यायचा हुकूम द्यायला तिथे कुणी उरलेलं नाही.

पाय ताठ न होता लुळा का पडला, हेही यातूनच समजतं. अर्धांगाच्या झटक्यात मेंदूकडून खाली येणारा रस्ता तुटतो, पण मज्जारज्जूतल्या पेशी जिवंत राहतात. त्या वरचा लगाम सुटल्यासारख्या वागतात, आणि काही आठवड्यांत हातपाय ताठ, आखडलेले होतात. पोलिओत त्या पेशीच मरतात. गुडघ्यावर हातोडी मारली तरी पाय उडत नाही, कारण तो झटका द्यायलाही हीच पेशी लागते. स्नायू मऊ, ढिला पडतो आणि ज्याच्याकडे एकही धागा पोचत नाही तो काही महिन्यांत वाळून जातो. मूल वाढतं, पण तो पाय त्याच्याबरोबर वाढत नाही. दादांचा उजवा पाय डाव्यापेक्षा थोडा आखूडही असेल, बघा.

एक स्नायू पूर्ण जातो आणि शेजारचा अर्धाच जातो, असं का होतं, याचा शोध इंग्लंडमधले शल्यचिकित्सक शॅरर्ड यांनी 1950च्या दशकात घेतला. पोलिओनं गेलेल्या रुग्णांचे मज्जारज्जू कापून त्यांनी पेशी मोजल्या. मांडीच्या पुढच्या स्नायूच्या पेशींची रांग मज्जारज्जूत बरीच लांब असते, त्यामुळे तो स्नायू वारंवार सापडतो, पण बहुतेक वेळा थोडाफार वाचतो. पाऊल वर उचलणाऱ्या नडगीच्या स्नायूची रांग आखूड असते. विषाणूचा एकच घाला तिच्यावर पडला तर अख्खी रांग जाते. म्हणून पोलिओ झालेल्या कितीतरी मुलांचं पाऊल कायमचं लोंबकळलेलं राहिलं. दादांची मांडी इतकी बारीक असेल, तर त्यांच्या मज्जारज्जूचा बराच लांब पट्टा होरपळला असणार. एका सुईच्या टोकाला इतक्या लांब पट्ट्यावरच्या पेशी अशा निवडून मारता येत नाहीत.

मग सुईचा हात कुठे? त्यासाठी थोडं मागे, ताप येण्याच्या आधी जाऊ.

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शिरतो, बहुधा विष्ठेनं दूषित झालेल्या पाण्यातून किंवा हातांवरून. घशात आणि आतड्यात तो वाढतो. तिथे तो काही विशेष त्रास देत नाही, फार तर जुलाब, घसादुखी, एखादा दिवस ताप. आतड्यातून तो रक्तात उतरतो, आणि ताप येतो तो साधारण या टप्प्यावर. बहुतेक मुलांत गोष्ट इथेच संपते. लागण झालेल्या सुमारे दोनशे मुलांत एकाच मुलात विषाणू रक्तातून मज्जारज्जूपर्यंत पोचतो. हालचालीच्या पेशींवर त्याला चिकटायला हवा तो खुंटा असतो. आत शिरला की तो पेशीचं स्वतःचं प्रथिनं बनवायचं काम बंद पाडतो आणि तिची सगळी यंत्रणा आपल्या प्रती काढायला जुंपतो. काही तासांत हजारो नवे विषाणू बाहेर पडतात आणि पेशी फुटते. लुळेपणा दोन-तीन दिवसांत वाढत जातो आणि बहुधा ताप उतरला की तिथेच थांबतो. एकच पाय जातो, किंवा एक पाय जास्त आणि दुसरा कमी. दोन्ही पाय सारखे जाणं पोलिओत फारसं दिसत नाही.

म्हणजे दादांना ताप आला तेव्हा विषाणू त्यांच्या रक्तात होता. नेमक्या त्याच वेळी त्यांना मांसात सुई बसली. मेलबर्नमध्ये 1949च्या साथीत बर्ट्रॅम मॅक्लॉस्की या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की नुकतंच ज्या हाताला किंवा पायाला इंजेक्शन दिलं होतं, तोच हात, तोच पाय जास्त वेळा जातोय. इंग्लंडमधल्या पाहणीतही तेच दिसलं. पुढे जवळजवळ पन्नास वर्षांनी उंदरांवरच्या प्रयोगात कारण सापडलं. रक्तात विषाणू असताना स्नायूला इजा झाली की विषाणू त्या स्नायूतल्या नसेच्या धाग्यांत शिरतो आणि धाग्यातूनच उलटा वर चढून थेट मज्जारज्जूतल्या त्याच पेशींपर्यंत जातो. त्या बाजूची मोठी नस आधीच कापून ठेवली तर तो चढू शकत नाही. टॉन्सिलच्या शस्त्रक्रियेचंही तेच. साथीच्या दिवसांत टॉन्सिल काढलेल्या मुलांना श्वासावर आणि गिळण्यावर येणारा पोलिओ जास्त व्हायचा, म्हणून पूर्वी त्या काळात ती शस्त्रक्रिया पुढे ढकलत.

तेव्हा सासूबाईंना मी असं सांगेन: सुईनं पोलिओ आणला नाही, पण आधीच अंगात असलेल्या पोलिओला पायाकडे जायचा जवळचा रस्ता कदाचित करून दिला. सुई दिली नसती तर दादा वाचले असतेच, असं कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. 1980च्या दशकात देशात दरवर्षी अंदाजे दोन लाख मुलं पोलिओनं लुळी पडत होती आणि त्यातल्या अनेकांना कुठलीही सुई टोचलेली नव्हती. ताप आला की कमरेत एक इंजेक्शन हवंच, ही आपल्याकडची सवय मात्र वाईटच होती. आजही आहे, आणि तिचं समर्थन मी करणार नाही. त्या बाबतीत तुमच्या सासूबाईंचा राग माझ्याही पोटात आहे.

आता बाळाच्या सुया.

विषाणू एकदा चेतापेशीच्या आत गेला की आपल्याकडे काही नाही. त्याला मारणारं औषध आजही दवाखान्यात मिळत नाही, आणि मेलेली हालचालीची पेशी शरीर पुन्हा तयार करत नाही. पण आतडं आणि मज्जारज्जू यांच्यामध्ये रक्ताचा टप्पा आहे, आणि तिथे विषाणूला अडवता येतं. अमेरिकेत 1951 आणि 1952 मध्ये विल्यम हॅमन यांनी हजारो मुलांना लस न देता फक्त दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली, विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं टोचून पाहिली. काही आठवडे तरी त्या मुलांत लुळेपण कमी झालं. रक्तात थोडी प्रतिपिंडं असली तरी विषाणू मज्जारज्जूपर्यंत पोचत नाही, हे त्यावरून दिसलं. 1955 साली आलेल्या साल्क यांच्या लसीनं तेच काम टिकाऊ केलं. दुसऱ्याची उसनी प्रतिपिंडं न देता ती मुलाच्या स्वतःच्या शरीराला बनवायला लावली. तुमच्या बाळाच्या दंडात पोलिओची जी सुई टोचणार आहेत, ती याच लसीची आहे. तिच्यातला विषाणू फॉर्मॅलिननं मारलेला असतो. तो वाढू शकत नाही, नसेत चढू शकत नाही, लुळा करू शकत नाही.

इथे एक गंमत आहे. सासूबाईंना जे थेंब चालतात, त्यात जिवंत विषाणू आहे, दुबळा केलेला. आणि त्यांना जी सुई नको आहे, तिच्यात मेलेला आहे. थेंबांतल्या दुबळ्या विषाणूमुळे लाखो डोसांत एखाद्या मुलाला खरोखर लुळेपण येतं. हे लपवून ठेवण्यात अर्थ नाही. पण सुईची लस घेतलेल्या मुलात ही शक्यताही खूप कमी होते, कारण थेंबांतल्या विषाणूलाही मज्जारज्जूकडे जाताना रक्तातल्या त्याच प्रतिपिंडांना ओलांडावं लागतं. म्हणजे नुसते थेंब द्यायचे आणि सुई टाळायची, हा पर्याय सासूबाईंना सुरक्षित वाटतो, पण तसा तो नाही.

मग नुसती सुई देऊन थेंब का बंद करत नाहीत? इस्रायलमध्ये 2013 साली जे झालं ते पाहा. तिथे 2005 पासून मुलांना फक्त सुईची लस मिळत होती आणि जवळजवळ सगळ्यांना मिळत होती. 2013 मध्ये दक्षिणेकडच्या राहत गावाच्या सांडपाण्यात जंगली पोलिओचा, म्हणजे लसीतला नसलेला मूळचा विषाणू सापडला. पाकिस्तानातल्या विषाणूशी नातं सांगणारा. पुढे महिनोनमहिने तो सांडपाण्यात दिसत राहिला, म्हणजे मुलांच्या आतड्यांतून आतड्यांत फिरत होता. पण एकही मूल लुळं पडलं नाही. सुईनं मज्जारज्जू वाचवला, आतड्यातला विषाणू मात्र थांबवला नाही. तो थांबवायला त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुलांना पुन्हा थेंब पाजावे लागले, कारण थेंबांची लस आतड्याच्या अस्तरातच प्रतिकार तयार करते. याच्या उलट उदाहरण 2022 सालच्या न्यूयॉर्क राज्यातल्या रॉकलंड काउंटीतलं. तिथेही विषाणू सांडपाण्यात फिरत होता, आणि लस न घेतलेल्या एका तरुणाचे पाय गेले. विषाणू गावात असणं आणि मूल लुळं पडणं यांच्यामध्ये ती एक सुई उभी असते.

आणि थेंब इतक्या वेळा का, हाही प्रश्न पुढे येईलच. उत्तर प्रदेशातल्या मुलांत पूर्वीच्या थेंबांच्या एका डोसानं पहिल्या प्रकारच्या पोलिओपासून जेमतेम दहातल्या एकाला संरक्षण मिळत होतं. तिथे आतड्यात इतर जंतूंची गर्दी आणि जुलाब इतके, की लसीतल्या विषाणूला रुजायला जागाच मिळत नसे. म्हणून एकेका मुलाला पुन्हा पुन्हा डोस द्यावे लागले. बूथवर करंगळीला शाई लावून घेतलेली मुलं दर पोलिओ रविवारी पुन्हा दिसायची, ते उगाच नव्हतं.

दीड महिन्याच्या भेटीत नेमकं काय होईल ते सांगतो, म्हणजे केंद्रावर गोंधळ होणार नाही. पोलिओचे दोन थेंब तोंडात, शिवाय रोटाव्हायरसची लस तोंडातून. पोलिओची सुई उजव्या दंडावर, मांसात नाही तर कातडीच्या वरच्या थरात. औषध अगदी थोडं, एका मिलीलीटरचा दहावा भाग. नीट दिली असेल तर सुई काढताच तिथे मसुराएवढा फिक्कट फुगवटा दिसतो आणि थोड्या वेळात जिरतो. तो दिसला नाही तर सिस्टरना विचारायला लाजू नका. बाकीच्या दोन सुया, पाच आजारांवरची पेन्टाव्हॅलंट डाव्या मांडीत आणि न्यूमोनियाविरुद्धची उजव्या मांडीत. कमरेत एकही नाही. बाळांना कुल्ल्यात लस देत नाहीत, त्याचं एक कारण वर सांगितलेली ती जाड नसच आहे. साडेतीन महिन्यांना आणि नऊ महिन्यांना पोलिओची सुई पुन्हा असते. दीड वर्षाच्या आसपास थेंबांचा बूस्टर. थेंबांच्या बाटलीवर एक गोल आणि त्यात एक चौकोन छापलेला असतो. चौकोनाचा रंग बाहेरच्या गोलापेक्षा फिका हवा. तेवढाच किंवा जास्त गडद झाला असेल तर बाटली उन्हात राहिली आहे, ती वापरायची नसते. सिस्टर हे पाहतातच, पण तुम्हीही पाहू शकता.

"मांडीतल्या दोन सुया तरी मांसातच ना? दादांच्या वेळी तेच झालं." सासूबाई असं म्हणतील, आणि तो प्रश्न रास्त आहे. रोमानियात 1990च्या दशकात हे नीट तपासलं गेलं. तिथे थेंब घेतल्यावर लुळेपण आलेल्या 31 मुलांची तुलना निरोगी मुलांशी केली. लुळ्या पडलेल्यांपैकी 87 टक्के मुलांना आजाराच्या आधीच्या महिनाभरात मांसात इंजेक्शनं दिली होती, बाकीच्यांत हे प्रमाण 51 टक्के होतं. ही इंजेक्शनं जवळजवळ सगळी प्रतिजैविकांची, तापासाठी दिलेली, आणि कित्येक मुलांना एकामागून एक बरीच दिलेली. धोका दिसला तो थेंब पाजल्यानंतर दिलेल्या इंजेक्शनांत. थेंबांच्या आधी किंवा त्याच वेळी दिलेल्या सुयांत तो दिसला नाही. त्या दिवशी थेंबांतला विषाणू अजून आतड्यातही धड रुजलेला नसतो, रक्तात कुठून येणार? म्हणून एकाच दिवशी सगळ्या लसी देणं सुरक्षित आहे. सांभाळायचं ते पुढच्या महिनाभरात. पेन्टाव्हॅलंटनंतर एक-दोन दिवस ताप येईल, त्याला केंद्रावरून दिलेलं पॅरासिटामॉल सांगितलेल्या मापानं द्या. पण "ताप उतरायला एक सुई मारून देतो" म्हणणाऱ्याकडे बाळाला नेऊ नका. सासूबाईंना हे सांगितलंत की त्यांच्या भीतीतला खरा भाग तुम्ही ऐकून घेतला आहे, हे त्यांच्या लक्षात येईल.

देशात पोलिओ उरला नाही, हे जंगली पोलिओबद्दल खरं आहे. शेवटचं मूल 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालच्या हावडा जिल्ह्यात लुळं पडलं, आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात तो अजून आहे. इस्रायलपर्यंत तो कसा गेला, ते वर आलंच. आणि 2024 मध्ये मेघालयात वेस्ट गारो हिल्समध्ये एका लहान मुलाला लसीतून उगम पावलेल्या पोलिओनं लुळेपण आलं. ज्या वस्तीत बरीच मुलं लसीशिवाय राहतात, तिथे थेंबांतला दुबळा विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जात राहतो आणि हळूहळू पुन्हा घातक होतो. अशा विषाणूला आपल्या बाळाच्या मज्जारज्जूपासून दूर ठेवणं, एवढंच काम त्या दंडातल्या फुगवट्याचं आहे.

यापुढे कधीही घरातल्या किंवा शेजारच्या पंधरा वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, तर कुठलंही इंजेक्शन न घेता त्याला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात न्या. 2025च्या सुरुवातीला पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया बारे आजाराची साथ आली, तेव्हा लोकांना पोलिओचीच आठवण झाली. पण त्या आजारात दोन्ही पाय सारखेच आणि खालून वर लुळे होत जातात. मुंग्या येतात, सुरुवातीला ताप बहुधा नसतो. त्यात मुख्यतः नसेवरचं आवरण बिघडतं आणि आवरण पुन्हा बनतं, म्हणून बहुतेक माणसं हळूहळू बरी होतात. डॉक्टरांना फरक ओळखता येतो, तरीही सरकारी नियम असा, की कारण कुठलंही वाटो, अशा प्रत्येक मुलाच्या शौचाचे दोन नमुने घ्यायचे. दोन्हींत किमान एक दिवसाचं अंतर ठेवून, लुळेपण आल्यापासून चौदा दिवसांच्या आत. महाराष्ट्रातले नमुने बर्फात ठेवून मुंबईला परळच्या हाफकिनच्या आवारातल्या प्रयोगशाळेत जातात. साठाव्या दिवशी कुणीतरी येऊन मुलाचा पाय पुन्हा तपासतं. आपल्या मुलावर पोलिओचा संशय घेतला म्हणून काही आईवडील चिडतात. चिडू नका, नमुना द्या.

दादांबद्दल थोडं. त्यांचं वय आता चाळिशीच्या पुढे असावं. पहिल्या आजारात ज्या पेशी वाचल्या, त्यांनी शेजारच्या अनाथ स्नायूधाग्यांपर्यंत नवे फाटे पाठवले आणि चारपाच जणांचं काम एकेकीनं इतकी वर्षं केलं. तीस-चाळीस वर्षांनी त्या थकतात. त्यामुळे ज्या पायाला काही झालंच नव्हतं असं वाटतं, तो डावा पायही दमायला लागतो, जिना चढताना जड होतो, रात्री पोटऱ्यांत कळा येतात. विषाणू परत आलेला नसतो, आणि तो बाळाला लागण्याचा प्रश्नच नाही. अशा वेळी कुणी "जोर लावून व्यायाम कर" असं सांगितलं तर ते ऐकायचं नाही. थकवा येण्याच्या आत थांबायचं, गुडघ्याला आधार देणारी कॅलिपर लावायला संकोच करायचा नाही. म्हणजे मांडीवर हात दाबून वाकून चालल्यानं पाठीचं जे नुकसान होतंय तेही थांबेल. आणि कधी शस्त्रक्रियेची वेळ आली तर लहानपणी पोलिओ झाला होता, हे भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधी सांगायचं. "लहानपणी सुई लागली होती" एवढंच सांगितलं, तर भुलीच्या औषधांचं प्रमाण ठरवताना त्यांना ते उपयोगी पडणार नाही.